गॅसची सबसिडी खात्यात का आली नाही? काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका गॅस एजन्सीच्या काउंटरवर मी बरीच वर्षं बसतो. नंबर लावायला येणाऱ्यांपेक्षा सबसिडीची चौकशी करायला येणारी माणसं मला जास्त लक्षात राहतात, कारण ती पुन्हा पुन्हा येतात. एजन्सीतून बँकेत जातात, बँकेतून परत एजन्सीत, आणि शेवटी तीनशे रुपयांसाठी दोन दिवसांची मजुरी बुडते म्हणून नाद सोडून देतात. ती वेळ येऊ नये म्हणून इथे प्रश्न त्यांच्याच शब्दांत घेतले आहेत आणि काउंटरवर घाईत सांगता येत नाही ते सविस्तर लिहिलं आहे.

टाकी घेऊन महिना झाला. सबसिडी का आली नाही?

मी आधी एकच गोष्ट विचारतो: तुमचं कनेक्शन उज्ज्वलाचं आहे की साधं? निम्म्याहून जास्त चौकश्या या एका प्रश्नात संपतात.

साधं कनेक्शन असेल तर बहुतेक वेळा तुमचं काहीच अडकलेलं नसतं, कारण सबसिडीच चालू नाही. २०१५ पासून देशभर 'पहल' योजना लागू झाली. ग्राहकाने टाकीची पूर्ण किंमत द्यायची आणि बाजारभाव व सवलतीचा भाव यांतला फरक नंतर खात्यात यायचा. २०२० च्या उन्हाळ्यात जगभर तेलाचे भाव कोसळले, दोन्ही भाव जवळजवळ एक झाले आणि फरकच उरला नाही. पुढे भाव चढले, पण साध्या ग्राहकांची सबसिडी पूर्वीसारखी सुरू झाली नाही. लांबच्या, वाहतूक महाग असलेल्या काही भागांत थोडे रुपये येत राहिले. म्हणून एखादा पाहुणा 'आमच्याकडे येतात की' असं सांगतो तेव्हा तोही खोटं बोलत नसतो.

मे २०२२ पासून केंद्राची ठरावीक सबसिडी मिळते ती उज्ज्वलाच्या ग्राहकांना. कनेक्शन कुठलं हे लक्षात नसेल तर ग्राहक क्रमांक घेऊन एजन्सीत या. ते स्क्रीनवर लगेच दिसतं.

माझं कनेक्शन उज्ज्वलाचंच आहे. मला किती यायला हवेत?

मे २०२२ मध्ये १४.२ किलोच्या टाकीमागे २०० रुपये सुरू झाले. ऑक्टोबर २०२३ पासून ते ३०० झाले. आधी वर्षाला १२ टाक्यांपर्यंत सबसिडी होती, २०२५-२६ या वर्षासाठी मर्यादा ९ टाक्यांवर आली. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असं धरतात. मोठं कुटुंब असलेल्या एका ताईंची फेब्रुवारीतली टाकी दहावी होती आणि त्या बँकेत भांडून आल्या होत्या, बँकेचा काही दोष नसताना. म्हणून बँकेत जायच्या आधी एप्रिलपासूनच्या टाक्या मोजा. पाच किलोची छोटी टाकी असेल तर रक्कम वजनाच्या हिशेबाने कमी येते.

पैसे एजन्सीच देते ना? मग तुमच्याकडेच अडकले असणार.

हा संशय मी मनाला लावून घेत नाही, कारण टाकीचे पैसे तुम्ही आमच्या माणसाच्या हातात देता आणि परत येणारे पैसेही तिथूनच येतील असं वाटणं साहजिक आहे. पण सबसिडीचा एक रुपयाही एजन्सीच्या खात्यातून जात नाही. पोरगा टाकी घरी पोचवतो, तुमच्या मोबाईलवर आलेला डिलिव्हरीचा कोड घेतो आणि आमच्या सिस्टीममध्ये डिलिव्हरी पक्की होते. तिथून पुढे माहिती ऑइल कंपनीकडे जाते, कंपनी आपल्या बँकेमार्फत पैसे पाठवते आणि आधारवरून पाठवायचे असतील तर ते 'एनपीसीआय' या संस्थेच्या यंत्रणेतून तुमच्या बँकेत पोचतात. सगळं सुरळीत असेल तर दोन-चार दिवसांचं काम.

आमच्याकडून अडू शकतं ते या साखळीच्या सुरुवातीला: डिलिव्हरी पक्की केलेली नसणं, तुमचा आधार क्रमांक किंवा खाते क्रमांक चुकीचा चढलेला असणं, केवायसी राहिलेली असणं. आमच्याच काउंटरवर एकदा एका ग्राहकाच्या खाते क्रमांकातले दोन आकडे उलटे पडले होते. तीन टाक्यांचे पैसे परत गेले तेव्हा कुठे ते कळलं. तेव्हापासून मी भरलेला क्रमांक ग्राहकाला मोठ्याने वाचून दाखवतो. तुम्हीही तसं वाचून घ्या, संकोच करू नका.

बँकेतले साहेब म्हणतात, आधार लिंक आहे. मग पैसे कुठे जातात?

सगळ्यात जास्त लोक इथेच फिरत राहतात, म्हणून याला जरा वेळ देतो.

'आधार लिंक' या दोन शब्दांत दोन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या आहेत. पहिली म्हणजे खातं उघडताना किंवा नंतर केवायसीसाठी तुम्ही आधारची झेरॉक्स दिली आणि बँकेने ती खात्याला जोडली. असं तुमचं आधार पाच बँकांत जोडलेलं असू शकतं. दुसरी म्हणजे सरकारी पैसे आधारवरून आले तर ते कुठल्या बँकेत टाकायचे, याची एनपीसीआयकडची नोंद. तिला सीडिंग किंवा मॅपिंग म्हणतात. या नोंदवहीत एका आधारसमोर एकाच बँकेचं नाव असतं आणि सगळ्यात शेवटी ज्या बँकेने नोंद केली तिचं नाव राहतं. आधीच्या बँकेचं नाव पुसलं जातं.

खिडकीवरचा माणूस तुमचं खातं उघडतो, त्याला आधार क्रमांक दिसतो आणि तो 'लिंक आहे' म्हणतो. तो खरंच बोलतो, पण पहिल्या गोष्टीबद्दल. गॅसचे पैसे चालतात दुसऱ्या नोंदीवर. म्हणून बँकेत 'आधार लिंक आहे का' असं विचारू नका. 'माझं आधार एनपीसीआयला तुमच्या बँकेच्या नावावर सीड आहे का' असं विचारा. एवढा शब्द बदलला की समोरचा माणूस वेगळी स्क्रीन उघडतो.

हे घरबसल्याही बघता येतं. मोबाईल नंबर आधारला जोडलेला असेल तर `myaadhaar.uidai.gov.in` वर ओटीपी टाकून आत जा आणि `Bank Seeding Status` वर टिचकी मारा. बँकेचं नाव, नोंद चालू आहे की बंद आणि शेवटची नोंद कधी झाली ती तारीख दिसते. खाते क्रमांक मात्र तिथे दिसत नाही. त्याच बँकेत तुमची दोन खाती असतील तर पैसे कुठल्या खात्यात पडतात ते बँकेलाच विचारावं लागतं.

एजन्सीच्या कॉम्प्युटरवर सबसिडी 'जमा' दिसते, पासबुकात एंट्री नाही. हे कसं?

एक उदाहरण सविस्तर सांगतो, म्हणजे स्वतःचं प्रकरण कसं तपासायचं ते कळेल.

२०२४ च्या डिसेंबरात एका वाडीवरच्या मावशी आल्या. कनेक्शन उज्ज्वलाचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं राष्ट्रीयीकृत बँकेचं पासबुक त्यांनी काउंटरवर ठेवलं. जुलैच्या टाकीचे ३०० रुपये त्यात दिसत होते. सप्टेंबरच्या आणि नोव्हेंबरच्या टाकीचे नव्हते. बँकेत दोन चकरा झाल्या होत्या, तिथे 'गॅसवाल्यांना विचारा' म्हणून सांगितलं होतं. 'दादा, दोन्ही टाक्या मी रोख पैसे देऊन घेतल्यात,' त्या म्हणाल्या.

आमच्या स्क्रीनवर दोन्ही टाक्यांसमोर ३०० रुपये जमा झाल्याची नोंद होती. त्याच्या पुढच्या रकान्यात, जिकडे कोणी बघत नाही, बँकेचं नाव होतं आणि जुलैनंतर ते बदललं होतं. तिथे पोस्टाच्या बँकेचं नाव होतं. मी विचारलं, 'मावशी, पोस्टात खातं काढलंय का?' त्या म्हणाल्या, 'ते लाडकीचं खातं आहे. गॅसचं बँकेत आहे.'

उत्तर याच वाक्यात होतं. लाडकी बहीण योजनेचे पैसे आधारला सीड असलेल्या खात्यातच येतात, म्हणून त्या पावसाळ्यात गावोगाव बायकांनी पोस्टाच्या बँकेत नवीन खाती काढली. खातं उघडताना अंगठा दिला आणि एनपीसीआयच्या वहीत आधारसमोर पोस्टाच्या बँकेचं नाव चढलं. त्या दिवसापासून आधारवरून येणारा प्रत्येक सरकारी पैसा तिकडे वळला. मावशींच्या मनात लाडकीचं खातं आणि गॅसचं खातं अशी वाटणी होती, यंत्रणेला ती वाटणी माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पोस्टमनकडून त्यांनी खात्याचा उतारा काढला. लाडकीचे हप्ते होते आणि त्यांच्या मध्ये सप्टेंबरात ३००, नोव्हेंबरात ३००. पैसे काढताना त्या 'लाडकीचे तेवढे द्या' म्हणत, त्यामुळे सहाशे रुपये तसेच पडून राहिले होते. कुणी काही खाल्लं नव्हतं. बँकेला दिसत नव्हते कारण तिथे आलेच नव्हते, आणि आमच्याकडे त्या बँकेच्या नावाचा रकाना आधी कुणी वाचला नव्हता.

त्यांना मी दोन रस्ते सांगितले. पोस्टाचं खातं घराजवळ सोयीचं असेल तर आहे तसंच राहू द्यायचं. जुन्या बँकेतच पैसे हवे असतील तर तिथे आधार सीडिंगचा फॉर्म भरायचा आणि त्यात आधी कुठल्या बँकेला सीड होतं ते नाव लिहायचं. पण मग लाडकीचे पैसेही जुन्याच बँकेत येणार. एक इकडे, एक तिकडे असं आधारवर होत नाही. मावशींनी पोस्टाचंच ठेवलं.

असं पूर्वीही झालं आहे. २०१७ मध्ये मोबाईलच्या सिमची आधार पडताळणी करताना ग्राहकांना नीट न सांगता एका मोबाईल कंपनीच्या पेमेंट बँकेत खाती उघडली गेली आणि लाखो लोकांची गॅसची सबसिडी तिथे वळली. कित्येक महिने जमा होत होती आणि लोक एजन्सीत भांडत होते. म्हणून अलीकडे कुठे अंगठा दिला, कुठे नवीन खातं काढलं, हे आधी आठवून बघा.

स्क्रीनवर 'परत गेली' किंवा 'नाकारली' असं दिसतं. म्हणजे काय?

म्हणजे कंपनीने पैसे पाठवले आणि बँकेने घेतले नाहीत. या वेळी बँकेतच जावं लागतं. सहसा कारण चारांपैकी एक असतं: खातं बंद झालेलं, केवायसी जुनी झाली म्हणून खातं गोठवलेलं, दोन वर्षं स्वतःहून एकही व्यवहार न केल्यामुळे निष्क्रिय झालेलं, किंवा एनपीसीआयच्या वहीत नोंदच बंद पडलेली. आमच्याकडून नाकारण्याचं कारण आणि तारीख कागदावर लिहून घ्या आणि तो कागद बँकेत दाखवा. नुसतं 'सबसिडी येत नाही' म्हटलं की बँकेला काय शोधायचं ते कळत नाही.

एक त्रास नेहमी दिसतो. माणूस केवायसी भरतो, खातं चालू होतं आणि त्याला वाटतं काम झालं. पण खातं चालू होणं आणि सीडिंगची नोंद चालू होणं ही दोन कामं आहेत. खातं चालू झाल्यावर आठवड्याने नोंदही बघा.

मी आधार दिलं नव्हतं, फक्त खाते क्रमांक दिला होता. त्याचं काय?

'पहल'मध्ये सुरुवातीपासून हा दुसरा रस्ता आहे. यात आधार मध्ये येत नाही. तुम्ही दिलेल्या खाते क्रमांकावर आणि आयएफएससी कोडवर पैसे जातात, त्यामुळे नवीन खातं काढल्याने पैसे भरकटत नाहीत. त्याऐवजी बँकांच्या विलीनीकरणात आयएफएससी बदलला की ते अडकतात. २०१९ आणि २०२० मध्ये देना, विजया, सिंडिकेट, कॉर्पोरेशन, अलाहाबाद अशा बँका मोठ्या बँकांत गेल्या आणि त्यांचे जुने कोड पुढे बंद झाले. तुमच्या पासबुकावर यांपैकी एखादं नाव अजून असेल तर बँकेतून नवीन पासबुक घ्या आणि त्याची झेरॉक्स आम्हाला द्या. नवीन पासबुक मिळालं म्हणून आमच्याकडची नोंद आपोआप बदलत नाही.

'अंगठा द्यायला या' असा मेसेज आला होता, मी गेलो नाही. त्यामुळे थांबली का?

उज्ज्वलाचं कनेक्शन असेल तर थांबू शकते. २०२३ च्या शेवटापासून आधारवर बायोमेट्रिक केवायसी सुरू आहे. कनेक्शन ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच यावं लागतं, सून किंवा मुलगा आला तर चालत नाही. शेतात आणि धुण्याभांड्यात राबलेल्या हातांचा अंगठा पुष्कळदा उमटत नाही. अशा वेळी सगळी बोटं करून बघा म्हणावं, किंवा कंपनीच्या ॲपवर चेहरा दाखवून करा. हे काम फुकट आहे. कोणी पैसे मागितले किंवा केवायसीसोबत नवीन नळी घ्यायलाच हवी असं म्हणालं तर ऐकू नका. नळी जुनी झाली असेल तर ती जरूर बदला, पण केवायसी त्यावर अडत नाही.

अन्नपूर्णा योजनेचे पैसे आणि ही सबसिडी एकच का?

नाही, आणि या गोंधळात हिशेब चुकतो. मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना ही महाराष्ट्र सरकारची, जुलै २०२४ मधली. वर्षाला तीन टाक्या मोफत, पण टाकी घेताना पूर्ण किंमत भरायची आणि पैसे नंतर खात्यात येणार. योजना आली तेव्हा टाकी सरासरी ८३० रुपयांची धरली होती. उज्ज्वलाच्या बाईला केंद्राचे ३०० आणि राज्याचे ५३० अशा दोन वेगळ्या एंट्र्या येतात, वेगळ्या दिवशी. ३०० आले आणि ५३० आले नाहीत तर तुमचं सीडिंग ठीक आहे एवढं त्यावरून कळतं. राहिलेली रक्कम राज्याकडून यायची आहे. एका महिन्यात दोन टाक्या घेतल्या तर अन्नपूर्णाचे पैसे एकाच टाकीचे मिळतात. लाडकी बहीणच्या लाभार्थींना हा फायदा हवा असेल तर कनेक्शन बाईच्याच नावावर लागतं. नवऱ्याच्या नावावर असल्याने किती जणी परत गेल्या, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

टाकी घेतलीच नाही आणि 'डिलिव्हरी झाली' असा मेसेज आला. आता?

हे हलकं घेऊ नका. तुमच्या नावावरची टाकी दुसरीकडे, बहुतेक हॉटेलात किंवा गाडीवर, गेलेली असू शकते आणि तुमच्या वर्षाच्या कोट्यातली एक कमी झाली असते. मेसेज जपून ठेवा, त्याच दिवशी एजन्सीत लेखी द्या आणि पोच घ्या. त्यासोबत कंपनीकडेही तक्रार करा. मी स्वतः एजन्सीत काम करतो आणि तरीही हे सांगतो. डिलिव्हरीचा कोड टाकी घरात आल्याशिवाय कुणालाही सांगू नका, ओळखीच्या पोराला फोनवरही नाही.

मागच्या न आलेल्या टाक्यांचे पैसे मिळतील का?

कंपनीने पाठवले आणि बँकेतून परत गेले असतील तर दुरुस्ती झाल्यावर ते पुन्हा पाठवायला सांगता येतं. त्यासाठी टाकीनिहाय तारखा देऊन अर्ज करा. दुसऱ्या बँकेत गेले असतील तर ते तुमचेच आहेत, तिथून काढा. पण ज्या काळात आधार किंवा खातं गॅसशी जोडलेलंच नव्हतं, तेव्हाच्या टाक्यांचे पैसे मिळतील अशी आशा मी कुणाला लावत नाही.

तक्रार कुठे आणि कशी करायची?

आधी एजन्सीत लेखी. मग तिन्ही ऑइल कंपन्यांसाठी असलेला टोल फ्री क्रमांक `1800-233-3555`. गॅसगळतीचा `1906` हा वेगळा आहे, तो सबसिडीसाठी अडवू नका. कंपनीकडून दाद लागली नाही तर केंद्र सरकारचं `pgportal.gov.in`. दोष बँकेचा असेल तर आधी बँकेत लेखी तक्रार, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर `cms.rbi.org.in` वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे.

अर्ज लांबलचक नको. नेमका असला की काम लवकर होतं. मी ग्राहकांना असा लिहून देतो:

"माझं उज्ज्वला कनेक्शन असून १७ अंकी एलपीजी आयडी सोबत जोडला आहे. १२ सप्टेंबर आणि ९ नोव्हेंबर रोजी घेतलेल्या दोन टाक्यांची प्रत्येकी ३०० रुपये सबसिडी माझ्या खात्यात आलेली नाही. या दोन टाक्यांची सबसिडी कोणत्या तारखेला, कोणत्या बँकेत पाठवली आणि नाकारली असल्यास कारण काय, हे लेखी कळवावे. पासबुकाच्या शेवटच्या सहा महिन्यांच्या पानांची झेरॉक्स जोडली आहे."

तारखा अर्थात तुमच्या घाला. १७ अंकी आयडी तुमच्या गॅस बुकात नसेल तर आमच्याकडून किंवा `mylpg.in` वरून मिळतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर एजन्सीचा शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

येताना काय काय आणू?

गॅस बुक, आधार कार्ड, आधारला जोडलेला मोबाईल, आणि पासबुक. एकच नाही, घरात तुमच्या नावाची असतील नसतील तेवढी सगळी, पोस्टाचं कार्ड धरून. एंट्री मारून आणा. बारा वाजायच्या आत आलात तर टाक्यांची गाडी लागलेली नसते आणि मला तुमच्यासोबत बसून एकेक रकाना वाचता येतो.